सीसॅट: मराठी वाचून उत्तर वेगळं, इंग्रजी वाचून वेगळं. गोल कुठला भरायचा?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. राज्यसेवा पूर्वचा पेपर दोन, म्हणजे सीसॅटची तयारी चालू आहे. मी पूर्ण मराठी माध्यमातली, पेपर डावीकडचा मराठी मजकूर वाचूनच सोडवते, इंग्रजीकडे बघतसुद्धा नाही. परवा एका क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये हा प्रश्न आला, मराठीत असा होता:

अ हा ब चा मामा आहे. क ही ब ची आई आहे. तर अ चे क शी नाते काय?
1) भाऊ 2) दीर 3) नवरा 4) निश्चित सांगता येत नाही

मी डोळे झाकून 1 लिहिलं, मामा म्हणजे आईचा भाऊ, यात विचार काय करायचा. आन्सर कीमध्ये 4 आलं. चुकलं कसं म्हणून इंग्रजी वाचलं तर तिथे ‘मामा’च्या जागी नुसतं ‘अंकल’ लिहिलंय. क्लासला फोन केला तर ते म्हणाले इंग्रजी ग्राह्य धरायचं, विषय संपला. आता खऱ्या परीक्षेत असं झालं तर मी काय करायचं? प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायला वेळ कुठून आणायचा? आणि नंतर हरकत घेतली तर टिकते का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

लातूरकर_दादा
यात चर्चा करण्यासारखं काहीच नाहीये. मामा म्हणजे आईचा भाऊ, हे पहिलीतल्या पोरालाही माहितीये. उत्तर 1. क्लासची की चूक आहे, दुसरी टेस्ट सिरीज लाव.

अनुजा_क
ताई मला वाटतं मुख्य परीक्षेला मराठी माध्यमच घे, आता मुख्य वर्णनात्मक झाल्यापासून स्वतःच्या भाषेत लिहिणं जास्त सोपं जातं, माझ्या मैत्रिणीने इंग्रजी घेतलं आणि निबंधात अडकली. नोट्स मात्र दोन्ही भाषेतल्या ठेव.

रानपाखरू
अनुजा, माध्यमाचा प्रश्न नाहीये गं. एकाच पेपरात एकच प्रश्न दोन्ही भाषेत छापलेला असतो ना, त्या दोघांचा अर्थ जुळत नसेल तर काय करायचं ते विचारतेय.

जुना_अभ्यासक
मी टेस्ट सिरीजचे पेपर छपाईआधी तपासायचं काम करतो, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून, त्यामुळे हे रोजचं आहे. लातूरकर, की चूक नाहीये आणि रानपाखरूचं उत्तरही चूक नाहीये. गोची हीच आहे की दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

इंग्रजीतला ‘अंकल’ आईचा भाऊ असू शकतो, वडिलांचा भाऊ असू शकतो, मावशीचा किंवा आत्याचा नवराही असू शकतो. म्हणजे अ हा क चा सख्खा भाऊ निघेल किंवा दीर किंवा बहिणीचा नवरा. म्हणून इंग्रजी वाचणाऱ्याला 4 शिवाय पर्यायच नाही. मराठीत ‘मामा’ लिहिल्याबरोबर प्रश्नात जास्तीची माहिती घुसली जी मूळ प्रश्नात नव्हतीच. भाषांतर करणाऱ्याला मराठीत काहीतरी एक लिहावंच लागतं, त्याने मामा निवडला, काका निवडला असता तर भाऊ हा पर्याय बाद झाला असता. प्रश्नाचा सगळा जीवच त्या संदिग्धपणात होता तो भाषांतरात मेला.

नात्यांच्या प्रश्नात हे सगळ्यात जास्त होतं कारण आपल्याकडे नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्या वेगळ्या, इंग्रजीत चौघी ‘सिस्टर इन लॉ’. कझिनचं तसंच, मामेभाऊ आतेभाऊ चुलतभाऊ मावसभाऊ, आणि इंग्रजीत तर तो भाऊ की बहीण तेही कळत नाही.

आता परीक्षेत करायचं काय. मी मुलांना सांगतो की प्रश्न आधी कुठल्या भाषेत लिहिला गेला ते ओळखा, कारण उत्तरतालिका बहुतेक वेळा प्रश्न रचणाऱ्याच्या मूळ मसुद्यावरून येते आणि भाषांतर नंतर होतं. ओळखायचं कसं तर पर्याय बघायचे. इंग्रजीत दोन पर्याय सारखेच दिसत असतील, म्हणजे मराठीत ‘दीर’ आणि ‘मेहुणा’ असे दोन आहेत आणि इंग्रजीत दोन्हीकडे ‘ब्रदर इन लॉ’ आलंय, तर मूळ प्रश्न मराठीत सुचलेला आहे, इंग्रजीत विचार करणारा माणूस असे पर्याय ठेवणारच नाही. इंग्रजीत ‘मॅटर्नल अंकल’ असं खुलासेवार लिहिलं असेल तरी तेच, त्याच्या डोक्यात मामा होता. उलट मराठीत ‘काका/मामा’ अशी तिरकी रेघ मारून लिहिलं असेल किंवा इंग्रजीत मोघम अंकल आणि मराठीत एकदम नेमकं नातं असेल, आणि वर शेवटचा पर्याय ‘सांगता येत नाही’ असेल, तर मूळ इंग्रजी. तुमच्या प्रश्नात नेमकं हे शेवटचं आहे. म्हणून मी हॉलमध्ये असतो तर 4 भरला असता.

लातूरकर_दादा
सर मान्य, पण मग मराठी मुलाने इंग्रजीचा अंदाज बांधत बसायचं का? प्रश्न मराठीत छापलाय तर मराठीतलं उत्तर बरोबर धरलंच पाहिजे. मामाला दुसरा अर्थच नाही.

सुवर्णा_काकू
दादा, मामाला दुसरा अर्थ नाही असं कसं म्हणता? आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. माझी मुलं माझ्या नणंदेच्या मिस्टरांना मामाच म्हणतात, ते काही माझे भाऊ नाहीत. आणि माझ्या चुलतभावांनाही मामाच म्हणतात. मुलगी बँकेच्या परीक्षा देते म्हणून मी इथे वाचते, तिला नात्यांचे प्रश्न मीच समजावते, आणि ती नेहमी हेच विचारते की आई घरातलं खरं की पुस्तकातलं खरं.

जुना_अभ्यासक
काकू अगदी बरोबर मुद्दा. परीक्षेत मात्र पुस्तकातलं धरायचं, मामा म्हणजे आईचा भाऊ, काका म्हणजे वडिलांचा भाऊ. घरची पद्धत गावागणिक बदलते, काही घरांत मावशीच्या नवऱ्यालाही काका म्हणतात, ते धरत बसलं तर एकही प्रश्न सुटायचा नाही. आणि हरकतीत ‘आमच्याकडे असं म्हणतात’ हा मुद्दा टिकणं कठीण, तिथे छापील पुरावा लागतो.

मीरा_गणित
नात्यांवर इतकं झालंय म्हणून अंकगणितातलं एक टाकते, हे मला शिकवताना सारखं भेटतं.

इंग्रजी: ‘बिटवीन 100 अँड 200’ 5 ने भाग जाणाऱ्या संख्या किती? मराठी: ‘100 ते 200 पर्यंतच्या’ 5 ने भाग जाणाऱ्या संख्या किती? पर्याय 19, 20, 21, 22.

‘बिटवीन’ धरलं तर दोन्ही टोकं बाहेर, 105 पासून 195 पर्यंत, 19 येतात. ‘ते पर्यंत’ धरलं तर 100 आणि 200 दोन्ही आत, 21 येतात. आणि बघा पर्यायात 19 पण आहे 21 पण आहे, कारण टोकं धरायची की सोडायची हीच चूक पकडायला प्रश्न काढलेला असतो, त्यामुळे चुकीचं उत्तर पर्यायात मुद्दाम ठेवलेलंच असतं. म्हणून भाषांतर जरा सरकलं की मुलगा थेट त्या खड्ड्यात जातो, आणि आपलं काही चुकलंय असं त्याला वाटतही नाही कारण त्याचं उत्तर पर्यायात सापडलेलं असतं. मराठीत ‘100 आणि 200 यांच्या दरम्यान’ लिहिलं असतं तर हा घोळ टळला असता.

वेळेचं म्हणाल तर सगळा प्रश्न दोनदा वाचायची गरज नाही. 80 प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट, त्यात उतारे. मी सांगते की मराठीच वाचा, पण तीन ठिकाणी नजर इंग्रजीवर टाकाच: नातं आलं की, संख्येची हद्द आली की (किमान, जास्तीत जास्त, पेक्षा कमी, दरम्यान), आणि ‘ने’ की ‘पर्यंत’ असं आलं की. 800 ची किंमत 25 टक्क्यांनी कमी झाली तर 600, 25 टक्क्यांपर्यंत कमी झाली तर 200. इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘टू’ एवढाच फरक. तेवढे दोन तीन शब्द बघायला पाच सेकंद लागतात आणि तेवढं इंग्रजी सगळ्यांना येतं.

रानपाखरू
मीराताई हे भारी आहे, नुसते तेवढे शब्द बघणं मला जमेल. पण समजा बघितलं, फरक दिसला, आणि मूळ भाषा कुठली ते कळलंच नाही तर? सोडून द्यायचा का प्रश्न?

मीरा_गणित
सोडू नकोस. एक प्रश्न अडीच मार्कांचा, चुकला तर पाव भाग म्हणजे 0.625 जातात. दोनच उत्तरांत अडकलेली असशील तर असे दहा प्रश्न धर, पाच बरोबर आले तर साडेबारा मिळाले, पाच चुकले तर 3.125 गेले, तरी नऊच्या वर हातात राहतात. दोन पर्यायांत अडकल्यावर सोडण्यात फायदा नाही. चारही सारखेच वाटत असतील तर गोष्ट वेगळी. आणि आता हा पेपर 33 टक्क्यांच्या पात्रतेपुरता आहे, 200 पैकी 66 पाहिजेत, त्यामुळे अशा एका प्रश्नावर तीन मिनिटं घालवून उतारा राहणं हे खरं नुकसान.

कोकणचा_पोरगा
माझी केस सांगतो. मी बँकेची परीक्षा मराठीतून दिली, ती कॉम्प्युटरवर असते, तिथे प्रत्येक प्रश्नाला भाषा बदलता येते. मी सीटिंग अरेंजमेंट मराठीत वाचत होतो, आठ जण गोल टेबलाभोवती, कोण कोणाच्या डावीकडे वगैरे, अर्धं सोडवलं आणि दोन माणसं एकाच खुर्चीवर यायला लागली. भाषा बदलून बघितलं तर इंग्रजीत ‘काही जण केंद्राकडे तोंड करून आणि काही बाहेर तोंड करून’ असं होतं, मराठीत ते बाहेर तोंडवालं वाक्यच नव्हतं. बाहेर तोंड असलं की डावं उजवं उलटतं ना. इंग्रजीवरून पुन्हा मांडलं तर झटक्यात बसलं. तेव्हापासून कोडं बसत नसेल तर मी तिसऱ्यांदा मांडत बसत नाही, आधी दुसरी भाषा बघतो.

जुना_अभ्यासक
हे फार महत्त्वाचं सांगितलं. कोडं बसेनासं झालं किंवा उत्तर चारही पर्यायांत सापडलं नाही तर पहिला संशय भाषांतरावर घ्यायचा. पण लक्षात घ्या की ही खूण मोठ्या चुकांना लागू पडते, वाक्यच गळलं, आकडा बदलला, अशा. मामा आणि 100 ते 200 सारख्या प्रश्नात सगळं छान बसतं आणि तरी उत्तर दुसरं निघतं, तिथे खूण दिसतच नाही. म्हणून मीराताई म्हणतात तसं ठरलेल्या जागी नजर टाकायची सवयच लावावी लागते.

विदर्भ_एक्सप्रेस
मुळात इंग्रजी अंतिम हा नियमच मला पटत नाही. बहिणीच्या नीटच्या वेळी बघितलं, एनटीएच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम. म्हणजे मराठी पेपर निवडलेल्या पोरीने जे वाचलं त्याला किंमतच नाही. यूपीएससीच्या सीसॅटवरून 2014 साली दिल्लीत मुखर्जीनगरला पोरं रस्त्यावर उतरली होती, त्यात हिंदी भाषांतर हा मोठा मुद्दा होता, ‘स्टील प्लांट’चं ‘लोहे का पौधा’ केलं हे उदाहरण तेव्हा सगळीकडे फिरत होतं. 2015 पासून तो पेपर पात्रतेपुरता केला पण इंग्रजी अंतिम आहे ते आहेच. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून तो मराठी पेपर घेतो त्यालाच सांगायचं की इंग्रजी बघ, हा कुठला न्याय?

जुना_अभ्यासक
तुमचा राग रास्त आहे. एकच म्हणेन, ‘लोहे का पौधा’ वाचल्यावर काहीतरी चुकलंय हे निदान समजतं. गुळगुळीत, वाचायला सुंदर मराठी आणि आत अर्थ सरकलेला, याने जास्त पोरं मार खातात. आणि नियम सगळीकडे एकच आहे असं धरून चालू नका. त्या त्या परीक्षेच्या जाहिरातीत, पेपरच्या पहिल्या पानावरच्या सूचनांत काय लिहिलंय ते आधी वाचा. क्लासवाले ‘इंग्रजीच ग्राह्य’ असं सरसकट ठोकून देतात ते ऐकू नका.

तेजस_एन
माझा प्रॉब्लेम उताऱ्यांचा आहे आणि सीसॅटमध्ये जास्त प्रश्न तर उताऱ्यांवरच असतात. एका सराव पेपरात उताऱ्यात होतं ‘उपसा असाच वाढला तर विहिरी आटू शकतात’. खाली विधान मराठीत ‘उपसा वाढल्यामुळे विहिरी आटतात’, इंग्रजीत ‘मे ड्राय अप’. मराठी विधान उताऱ्यावरून निघत नाही, इंग्रजी निघतं. ‘शकतात’ एवढं गेलं आणि उत्तर फिरलं. पण पूर्ण उतारा दोन भाषेत वाचणं अशक्य आहे यार.

मीरा_गणित
उतारा वाचूच नकोस दुसऱ्या भाषेत. फक्त विधानं वाच, ती एकेक ओळीची असतात. त्यात ‘मे’, ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘सम’, ‘नॉट’ एवढेच बघायचे. मराठी विधान फारच ठाम वाटलं की एकदा उजवीकडे बघ.

रानपाखरू
आणि हरकतीचं कुणी सांगेल का? समजा खऱ्या परीक्षेत मामावालाच प्रश्न आला आणि पहिल्या उत्तरतालिकेत 4 दिलं, मी 1 भरलंय. मग?

जुना_अभ्यासक
हॉलमध्ये पर्यवेक्षकाशी वाद घालू नका, त्यांना प्रश्नात बदल करायचा अधिकार नसतो आणि वेळ तुमचाच जातो. प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नाला खूण करा, घरी नेता येते ती. पहिली उत्तरतालिका लागली की मुदतीत ऑनलाइन हरकत टाकायची, प्रश्नागणिक शुल्क असतं म्हणून निवडकच टाका. संच ए बी सी डी यांच्यात प्रश्नक्रमांक बदलतात, तुमच्या संचाचा क्रमांक नीट बघून टाका, नाहीतर हरकत भलत्याच प्रश्नावर जाऊन बसते.

आता मजकूर. बहुतेक मुलं लिहितात ‘भाषांतर चुकीचे आहे, गुण मिळावेत’. याने काही होत नाही कारण तपासणाऱ्या तज्ज्ञाला त्यातून काहीच कळत नाही. त्याच्यासमोर प्रश्न पूर्ण सोडवून ठेवायचा. मी असं लिहीन:

‘मराठी प्रश्नात अ हा ब चा मामा असे दिले आहे. मामा म्हणजे आईचा भाऊ (सोबत शब्दकोशाचे पान). क ही ब ची आई आहे, म्हणून अ हा क चा भाऊ, पर्याय 1. इंग्रजी प्रश्नात अंकल असे दिले आहे, त्यावरून अ हा भाऊ किंवा दीर दोन्ही असू शकतो, म्हणून पर्याय 4. एकाच प्रश्नाची दोन भाषांत दोन निश्चित उत्तरे येत असल्याने दोन्ही पर्याय ग्राह्य धरावेत किंवा प्रश्न रद्द करावा.’

फक्त ‘1 बरोबर धरा’ असं मागू नका. तसं मागितलं की इंग्रजी वाचून 4 भरणाऱ्यावर अन्याय होतो आणि तज्ज्ञाला हरकत फेटाळायला सोपं जातं. दोन्ही बाजू मांडल्या की त्याला उत्तर द्यावंच लागतं. अंतिम उत्तरतालिकेत रद्द झालेल्या प्रश्नापुढे # ची खूण असते ती बघा.

विदर्भ_एक्सप्रेस
पण प्रश्न रद्द झाला तर ज्याने बरोबर सोडवला त्याचेही गेले ना? दोन्ही उत्तरं ग्राह्य धरणं हाच खरा न्याय.

लातूरकर_दादा
इथे मी विदर्भवाल्या भावाशी सहमत. आणि माझं अजूनही म्हणणं आहे की मराठी वाचून 1 भरलेल्याला मार्क मिळालेच पाहिजेत, काही झालं तरी.

जुना_अभ्यासक
मलाही दोन्ही ग्राह्य धरणं जास्त बरोबर वाटतं, नात्यांच्या प्रश्नात तरी. पण मीराताईंच्या 19 आणि 21 मध्ये दोन्ही धरले तर जो मुलगा इंग्रजी वाचून टोकं मोजायची खरीच चूक करून 21 वर आला त्यालाही मार्क मिळतात, आणि कोण कुठलं वाचून आला हे ओएमआरवरून कळत नाही. तिथे मला रद्द करणंच बरं वाटतं. यावर आमच्या पेपर तपासणाऱ्या लोकांतही एकमत नाही.

मीरा_गणित
मी असहमत. छापणाऱ्याच्या चुकीचा फायदा चार जणांना जास्तीचा मिळाला तरी चालेल, पण मराठी नीट वाचून 21 काढलेल्या मुलाचे मार्क जाऊ नयेत.

सुवर्णा_काकू
मुलीला हा सगळा धागा वाचायला दिला. ती विचारतेय की बँकेच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका घरी मिळतच नाही, मग हरकत घ्यायची तर दोन्ही भाषेतला मजकूर लक्षात कसा ठेवायचा? कोकणच्या पोरा, तू काय केलंस?

कोकणचा_पोरगा
काकू काहीच करता आलं नाही, बाहेर आल्यावर आकडेसुद्धा आठवत नव्हते. तिथे आधी दिसणारी भाषा कुठली ठेवायची एवढंच आपल्या हातात. मी आता कोडी इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत वाचतो. कुणी त्या परीक्षेत भाषांतराची तक्रार करून काही मिळवलं असेल तर इथे लिहा, मलाही हवंय.